पॅसिफिकमधलं प्लास्टिकचं 'बेट' नकाशावर दिसत का नाही?

निलेश_पालघर

मंडळी, मी नववी-दहावीला भूगोल शिकवतो. सागरी प्रवाह शिकवताना प्रशांत महासागरातल्या कचऱ्याच्या पट्ट्याचा विषय निघाला आणि एका मुलीने असे प्रश्न टाकले की "उद्या सांगतो" म्हणून मी तास आवरता घेतला.

तिचा पहिला प्रश्न: महाराष्ट्राच्या पाचपट कचऱ्याचं बेट आहे म्हणता, मग उपग्रहाच्या नकाशात ते दिसत का नाही? दुसरा जास्त अवघड आहे. पाणी गोल फिरत असेल तर कचरा बाहेर फेकला जायला हवा, तो मध्ये कसा जमतो? आमच्या पुस्तकात प्रवाहांचे बाण आहेत, पण बाणांच्या मधोमध काय होतं याबद्दल एक ओळ नाही.

तिसरा प्रश्न माझा. हे प्लास्टिक माशांच्या पोटात जातं हे सगळेच सांगतात. पण किनाऱ्यापासून हजार मैलांवरचं प्लास्टिक नेमक्या कुठल्या जिवाच्या तोंडातून आत शिरतं? जाणकारांनी सवडीने लिहावं.

अभ्यासू_अण्णा

सोपं आहे. पृथ्वी फिरते म्हणून कोरिओलिस बल लागतं, त्याने पाण्याचा मोठा भोवरा होतो आणि भोवऱ्यात सगळं मध्ये खेचलं जातं. चहा ढवळून कप ठेवून द्या, पत्ती बुडाशी मधोमध गोळा होते. तसंच. आणि बेट दिसत नाही कारण अमेरिकेला ते दाखवायचं नाही. बाकी चालू द्या.

खवचट

अण्णा, दुसरं वाक्य पहिल्या वाक्याच्या जोरावर खपवू नका.

नांगर

मर्चंट नेव्हीत आहे, डेकवर. दाखवण्या-लपवण्याचं काही नाही हो अण्णा, दिसण्यासारखं तिथे फारसं नसतंच. जपानहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाताना आम्ही बहुतेक वेळा वर उत्तरेकडून, अल्युशियन बेटांच्या बाजूने वळसा घेतो, कारण गोलावर तोच जवळचा रस्ता. त्यामुळे हा पट्टा वाटेत लागत नाही. पण हवाई ते लाँग बीच या फेऱ्या केल्यात, आणि त्या वाटेवर पट्ट्याचा भाग येतो.

ब्रिजवरून काय दिसतं सांगू? निळंशार पाणी. वारा पडलेला असला तर मधूनच एखादा मासेमारीचा काळा बोया, कधी मासळीचा क्रेट, कधी जाळ्याचा गुंताडा, त्याच्याखाली सावलीला मासे. मग पुढे बराच वेळ काही नाही. नव्याने आलेले कॅडेट कॅमेरे घेऊन उभे राहतात आणि हिरमुसले होऊन जेवायला जातात.

ओहोटी

नांगर यांनी बरोबर वर्णन केलंय. मी भौतिक समुद्रशास्त्र शिकले, काही वर्षं शिकवलंही, त्यामुळे राहवत नाही. निलेशसर, आधी पहिला प्रश्न, कारण तो भागाकाराने सुटतो आणि मुलांकडून फळ्यावर करून घेता येईल.

या पट्ट्याचा सगळ्यात तपशीलवार हिशोब २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जहाजांनी जाळी ओढली आणि मोठ्या वस्तूंसाठी विमानातून फोटो घेतले. आकडे असे: क्षेत्र १६ लाख चौरस किलोमीटर, प्लास्टिक सुमारे ७९,००० टन, तुकडे १ लाख ८० हजार कोटी. ऐकायला भयंकर वाटतं. आता भागा. ७९,००० टनांना १६ लाखांनी भागलं की एका चौरस किलोमीटरला साधारण ४९ किलो येतात, म्हणजे एका सडपातळ माणसाचं वजन. तुकड्यांना भागलं तर एका चौरस मीटरला एकाहून थोडा जास्त तुकडा. तोही बहुतेक वेळा डाळीच्या दाण्याहून लहान आणि पाण्याच्या वरच्या थरात तरंगत, कधी लाटेने खाली ढकललेला. उपग्रहाला काय दिसणार?

ही सरासरी झाली. मधल्या भागात चौरस किलोमीटरला शंभर किलोंच्या वर सापडतं आणि कडेला दहाच्या आसपास. पट्ट्याची हद्द म्हणजे कुठे कुंपण नाही, किती दाटीपासून मोजायचं हे संशोधकांनी ठरवलेलं असतं. म्हणून वेगवेगळ्या लेखांत क्षेत्र वेगवेगळं दिसतं आणि कुणीच खोटं बोलत नसतं.

दुसऱ्या प्रश्नाला जरा जागा लागेल, रात्री लिहिते.

रेवदंडेकर

वाचतोय. पण पॅसिफिक कशाला, आमच्याकडे या की. पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला समुद्र जो कचरा किनाऱ्यावर आणून टाकतो तो बघून डोकं फिरतं. चपला, थर्माकोल, दुधाच्या पिशव्या, औषधाच्या बाटल्या. दिवाळीनंतर बराचसा गायब. म्हणजे तो इथून वाहत वाहत त्या पॅसिफिकच्या पट्ट्यातच जात असणार ना? आणि घरात रोज मासळी लागते, तर आम्ही काय खातोय हेही कुणीतरी स्पष्ट सांगा.

ओहोटी

रेवदंडेकर, तुमच्याकडे येतेच, आधी सरांचं.

अण्णा, चहाची पत्ती मध्ये येते ती कपाच्या तळाशी होणाऱ्या घर्षणामुळे. समुद्रात हे काम वरून होतं, वाऱ्याने. आणि भोवरा हा शब्द मनातून काढा, कारण इथे पाणी कुणाला खेचत नाही. पूर्ण फेरा व्हायला वर्षं लागतात.

नान्सेन नावाचा नॉर्वेजियन संशोधक १८९३ मध्ये 'फ्राम' जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात गोठवून घेऊन त्याच्याबरोबर वाहत गेला. त्याच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने जात नाही, २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो. याचं गणित एकमन या तरुणाने सोडवलं, १९०५ मध्ये ते छापून आलं. वारा पाण्याचा वरचा थर ढकलतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो थर उत्तर गोलार्धात थोडा उजवीकडे वळतो. तो आपल्या खालच्या थराला ओढतो, तो आणखी वळतो. असं खाली खाली जात सगळ्या थरांची बेरीज केली तर पाणी वाऱ्याच्या काटकोनात, उजव्या हाताला सरकलेलं निघतं.

आता नकाशा घ्या. उत्तर पॅसिफिकमध्ये खालच्या बाजूला, साधारण १० ते २५ अंशांत, व्यापारी वारे पश्चिमेकडे वाहतात. पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा, उजवा हात उत्तरेला. म्हणजे पाणी उत्तरेकडे सरकलं. वरच्या बाजूला, ४० अंशांच्या आसपास, वारे पूर्वेकडे वाहतात. पूर्वेकडे तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला. म्हणजे तिथलं पाणी दक्षिणेकडे सरकलं. दोन्हीकडून पाणी मधल्या भागात, ३० अंशांच्या जवळपास येऊन साचतं. समुद्राची पातळी तिथे खरोखर उंच असते, मीटरभराच्या हिशोबात, आणि उपग्रह ती मोजतात.

त्या उंचवट्यावरून पाणी खाली उतरू पाहतं, पण उतरता उतरता पुन्हा उजवीकडे वळतं, त्यामुळे ते उंचवट्याभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत राहतं. पुस्तकातले बाण ते हेच. सर, बाण हे कारण नाही, परिणाम आहे. मुलीची शंका रास्त आहे. नुसतं फिरण्याने कचरा मध्ये आला नसता.

साचलेल्या पाण्याला शेवटी जायला एकच वाट उरते, खाली. ते अगदी सावकाश बुडत असतं, वर्षाला काही डझन मीटर. पाणी बुडतं, तरंगणारं प्लास्टिक बुडू शकत नाही, ते वर राहतं. नवं पाणी येतं, सोबत नवा कचरा आणतं आणि पाणी तेवढं खाली जातं.

निलेश_पालघर

ताई, "बाण परिणाम आहे" हे वाचून वर्गात जाऊन फळा पुसावासा वाटतोय. तोंड-उजवा हात ही युक्ती उद्याच वापरतो. एक शंका: मग प्रत्येक गोल प्रवाहात कचरा जमतो का?

अभ्यासू_अण्णा

जमतोच. १९९२ साली जहाजावरून प्लास्टिकची पिवळी बदकं समुद्रात पडली ती गोष्ट वाचा. ती बदकं प्रवाहात फिरत राहिली, त्यावरूनच तर हा पट्टा शोधला गेला.

ओहोटी

अण्णा, गोष्ट खरी आहे पण निष्कर्ष उलटा निघतो, म्हणून बरं झालं आठवण काढलीत.

जानेवारी १९९२ मध्ये हाँगकाँगहून अमेरिकेला निघालेल्या जहाजावरून उत्तर पॅसिफिकच्या मध्यावर वादळात कंटेनर पडले. एकात २८,८०० आंघोळीची खेळणी होती: बदकं, कासवं, बेडूक, बीव्हर. त्याच नोव्हेंबरात ती अलास्कातल्या सिटका गावाच्या किनाऱ्यावर लागायला लागली. म्हणजे मध्ये न जमता ती कडेला फेकली गेली.

कारण ती पडली उत्तरेकडे, दुसऱ्याच चक्रात. अल्युशियन बेटांच्या बाजूला हवेचा कमी दाब असतो आणि वारे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. आता तीच उजव्या हाताची युक्ती लावा: पाणी बाहेरच्या बाजूला ढकललं जातं, मधून खोलचं पाणी वर येतं. त्यामुळे तिथे पृष्ठभागावरचा कचरा मध्ये टिकत नाही, किनारे गाठतो. खेळण्यांतली काही दक्षिणेकडच्या चक्रात घरंगळली आणि हवाईपर्यंत गेली, पण प्रसिद्ध झाली ती सिटकाची. तेव्हा सर, उत्तर: नाही, प्रत्येक चक्रात जमत नाही. कचरा धरून ठेवणारी चक्रं पाच, सगळी उपोष्ण पट्ट्यातली: पॅसिफिकमध्ये दोन, अटलांटिकमध्ये दोन आणि हिंदी महासागरात दक्षिणेला एक.

आणि पट्टा बदकांवरून सापडला नाही. चार्ल्स मूर १९९७ मध्ये हवाईहून शर्यत संपवून नौका घेऊन कॅलिफोर्नियाला परतत होते, वाऱ्याचा दुष्काळ असलेल्या भागातून, आणि त्यांना रोज प्लास्टिक दिसत राहिलं. पण अटलांटिकच्या सारगासो समुद्रात प्लास्टिकचे कण तरंगताना सापडल्याचा शोधनिबंध त्याआधी, १९७२ मध्येच आला होता. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

रेवदंडेकर, तुमचं उत्तर यातच आहे. अरबी समुद्रात वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात, जूनपासून नैर्ऋत्येकडून, हिवाळ्यात ईशान्येकडून. वारा उलटला की पाण्याचं सरकणंही उलटतं, त्यामुळे कायमचा उंचवटा होत नाही आणि कायमचा पट्टाही नाही. आपला कचरा बहुतांशी आपल्याच किनाऱ्यांवर ये-जा करतो, खाजणात अडकतो, वाळूत पुरला जातो, तळाला बसतो. दिवाळीनंतर दिसेनासा झाला तो पॅसिफिकला गेला म्हणून नाही. काही दक्षिण हिंदी महासागरात जातो, पण पॅसिफिकच्या पट्ट्यातला माल मुख्यत्वे पॅसिफिकच्या काठचा आणि पॅसिफिकमध्ये मासेमारी करणाऱ्यांचा.

पपई_बाग

मराठी धाग्यावर माझ्या बेटाचं नाव येईल असं वाटलं नव्हतं! आम्ही हवाईच्या मोठ्या बेटावर, हिलोच्या बाजूला राहतो. बेटाच्या दक्षिण टोकाजवळ कामिलो नावाचा किनारा आहे, रस्ता इतका खडबडीत की साधी गाडी जात नाही. तिथल्या सफाईला मी जाते.

लांबून सगळी वाळूच दिसते. गुडघ्यावर बसून ओंजळ उचलली की पांढरट, फिक्या निळ्या, हिरव्या कपच्या दिसतात. चाळणीत घेऊन वर पाणी ओतलं की वाळू खाली बसते आणि कपच्या वर येतात. कडा झिजलेल्या, बोटाने दाबलं तर काही चक्क मोडतात. ओळखू येणाऱ्या वस्तूंत बाटल्या फार कमी. झाकणं असंख्य. दुसरं म्हणजे बोटभर लांबीच्या काळ्या नळ्या, त्या काय असतील ते मला कळेना. एका बाईंनी सांगितलं की जपानमध्ये कालवांच्या शेतीत दोरीवर शिंपल्यांमध्ये अंतर राखायला त्या ओवतात. आणि काळे नरसाळ्यासारखे शंकू, ते बामसारखा लांब मासा पकडायच्या सापळ्याचं तोंड. म्हणजे घरातला कचरा कमी, मासेमारीचा जास्त. असं का?

नांगर

बाटलीचं मी सांगतो. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पाण्याहून जड असतं. झाकण घट्ट आहे तोवर आतल्या हवेवर तरंगते, झाकण गेलं किंवा भेग पडली की बुडते. झाकण वेगळ्या, हलक्या प्लास्टिकचं, ते तरंगत राहतं. आणि जे पाण्याच्या वर जास्त डोकावतं त्याला शिडासारखा वारा धरतो, ते चक्रात थांबत नाही, वाऱ्याबरोबर कुठेतरी किनाऱ्याला लागतं.

ओहोटी

अगदी. म्हणजे चक्र ही एक गाळणीही आहे. तरंगणारं, जाड, आणि पाण्यात बसकं राहणारं तेवढंच मागे उरतं. २०१८ च्या त्याच हिशोबात वजनाने ४६ टक्के माल मासेमारीच्या जाळ्यांचा होता. पातळ पिशव्या इतका लांबचा प्रवास करून फारशा पोचतच नाहीत.

एक तपशील मला फार बोलका वाटतो. त्या मोहिमेत गोळा केलेल्या वस्तूंपैकी ५० वस्तूंवर उत्पादनाचं साल वाचता आलं. एक १९७७ ची, सात १९८० च्या दशकातल्या, सतरा १९९० च्या, चोवीस २००० च्या दशकातल्या आणि एक २०१० ची. तिथे पोचलेलं जाड प्लास्टिक दशकानुदशकं तिथेच फिरतं. आणि फिरता फिरता उन्हाने ठिसूळ होतं, लाटांनी तुटतं. पपई_बाग यांच्या बोटाखाली मोडलेली कपची म्हणजे ही प्रक्रिया शेवटाला आलेली. तुकड्यांच्या संख्येत ९४ टक्के हे पाच मिलिमीटरहून लहान कण आहेत, पण वजनात फक्त ८ टक्के. हे दोन आकडे एकत्रच सांगावेत, एकटा सांगितला की दिशाभूल होते.

माशांच्या पोटाचं माझं क्षेत्र नाही. सई आहे का इथे?

सई_प्र

आहे आहे, पीएचडीतून डोकं वर काढलंय. माझं काम हेच, माशांच्या पोटातलं सूक्ष्मप्लास्टिक.

निलेशसर, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: सगळ्यात आधी एक-दोन मिलिमीटरच्या कोपेपॉडच्या तोंडातून. हे प्लवकातले झिंग्याचे दूरचे नातलग. पाय हलवून तोंडापुढे पाण्याचा प्रवाह तयार करतात आणि त्यातून एकपेशीय शेवाळाचे कण टिपतात. प्लास्टिक तुटत तुटत त्या शेवाळाच्या आकाराला आलं की त्यांच्या ताटात आलंच. प्रयोगशाळेत २०१३ मध्ये हे चमकणारे प्लास्टिकचे मणी देऊन दाखवलं गेलं, सूक्ष्मदर्शकाखाली कोपेपॉडच्या पारदर्शक शरीरात मणी आतड्यात ओळीने दिसतात. सरसकट सगळे गिळतात असं नाही. कित्येक कोपेपॉड कण चाचपून टाकूनही देतात. पण प्लास्टिक समुद्रात काही आठवडे राहिलं की त्याच्यावर जिवाणू आणि शेवाळाचा चिकट थर चढतो, मग त्याचा वास आणि चव अन्नासारखी होते. अँचोवी माशांना असा थर चढलेल्या प्लास्टिकचा नुसता वास दिला तरी ते खाणं शोधायला लागतात, हेही तपासून पाहिलेलं आहे.

दुसरी पायरी कंदीलमासे. बोटाएवढे, अंगावर प्रकाशाचे ठिपके. दिवसा काही शे मीटर खोल अंधारात, रात्री कोपेपॉड खायला वर. म्हणजे रोज रात्री ते थेट त्या थरात जेवायला येतात जिथे प्लास्टिक तरंगतंय. काही कण ते स्वतः अन्न समजून गिळतात, काही खाल्लेल्या कोपेपॉडच्या पोटातून येतात. पहाटे खाली जाताना ते सगळं बरोबर नेतात. कंदीलमाशांना ट्यूना खातो, स्क्विड खातं, आणि पट्ट्यावरून येणारी साखळी अशी मोठ्या माशांपर्यंत जाते.

अभ्यासू_अण्णा

म्हणजे डीडीटीसारखंच झालं. प्रत्येक पायरीला दसपट, आणि सगळ्यात वर आपण.

सई_प्र

इथे थांबा काका. अर्धं बरोबर. एकाच्या पोटातलं दुसऱ्याच्या पोटात जातं, हे खरं. पण डीडीटी चरबीत विरघळतं आणि तिथेच राहतं, म्हणून ते साठत साठत वर वाढतं. प्लास्टिकचा कण, निदान आपल्याला मोजता येतो एवढा मोठा, आतड्याची भिंत ओलांडत नाही. बहुतेक कण विष्ठेतून बाहेर पडतात. त्यामुळे मोठ्या माशात त्याच्या खाण्याच्या प्रमाणाबाहेर प्लास्टिक साठलेलं आढळत नाही. अतिसूक्ष्म, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान कणांचं काय होतं, हे खुलं आहे. ते उतींमध्ये शिरू शकतात असं प्रयोग सांगतात, पण खऱ्या समुद्रातल्या माशात ते मोजायची विश्वासार्ह पद्धत अजून बसायची आहे.

विष्ठेतून बाहेर पडतं म्हणून सुटलो असंही नाही. कोपेपॉडची विष्ठा ही छोटी गोळी असते, ती बुडते आणि खोल समुद्राला अन्न आणि कार्बन पोचवते. हलकं प्लास्टिक मिसळलं की ती गोळी सावकाश बुडते आणि वाटेत फुटण्याची शक्यता वाढते. माझ्या मते हा परिणाम पोटातल्या कणांपेक्षा जास्त चिंतेचा आहे, पण सगळ्या महासागराच्या पातळीवर तो किती, यावर वाद आहे.

अभ्यासू_अण्णा

बरं, कण बाहेर पडला. पण प्लास्टिक समुद्रातली विषं शोषून घेतं. जपानी शास्त्रज्ञांनीच दाखवलंय, आजूबाजूच्या पाण्याच्या दहा लाखपट. हे तर खरं ना?

सई_प्र

हो, २००१ चं काम आहे, प्लास्टिकच्या कच्च्या गोळ्यांवर पीसीबी ही कारखान्यांतली विषारी रसायनं मोजली होती. पण समुद्रात तीच विषं प्लवकात, माशांच्या चरबीतही असतात, आणि मासा प्लास्टिकपेक्षा कितीतरी पट जास्त प्लवक खातो. तो हिशोब केला तर विषाचा बहुतेक वाटा नेहमीच्या खाण्यातूनच येतो. प्लास्टिक बनवतानाच घातलेल्या रसायनांचा प्रश्न वेगळा, तो मी इतक्या सहज मोडीत काढणार नाही.

अभ्यासू_अण्णा

ठीक. माझा पहिला मुद्दा मागे, हा दुसरा शिल्लक.

निलेश_पालघर

सई, किती टक्के माशांत सापडतं? मुलं आकडा मागतात.

सई_प्र

याच पट्ट्यातले दोन आकडे देते. २०१० च्या अभ्यासात तपासलेल्या माशांपैकी ३५ टक्क्यांच्या पोटात प्लास्टिक निघालं. २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात ९ टक्क्यांच्या. समुद्र तोच, मासेही साधारण त्याच जातीचे. फरकाचं एक संभाव्य कारण असं की जाळ्याच्या टोकाला मासे आणि प्लास्टिक एकत्र कोंबले जातात आणि घाबरलेला मासा तिथेच कण गिळतो. म्हणून घशात सापडलेलं धरायचं नाही, आतड्यात खोलवर असलेलंच धरायचं, असे नियम पाळावे लागतात.

प्रयोगशाळेतही तसंच. आम्ही पोट काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतो, मांस विरघळतं, प्लास्टिक राहतं, ते गाळून सूक्ष्मदर्शकाखाली. गाळणीवर सगळ्यात जास्त काय दिसतं? निळे-काळे धागे. त्यातले कित्येक समुद्रातले नसून कुणाच्यातरी कपड्यातले, हवेतून पडलेले. म्हणून प्रत्येक खेपेला मासा नसलेली एक कोरी बाटली तशीच सगळ्या पायऱ्यांतून न्यायची आणि तिच्यात जितके धागे निघाले ते वजा करायचे. वर प्रत्येक कण खरंच प्लास्टिक आहे का हे अवरक्त किरणांच्या यंत्रावर तपासायचं. एखाद्या अभ्यासात कोऱ्या बाटलीचा उल्लेखच नसेल तर त्यातला मोठा आकडा मी पुढे वाचत नाही.

रेवदंडेकर

हे सगळं छान, पण माझं ताट राहिलं बाजूला. बांगडा-सुरमई चालू ठेवू का नको?

सई_प्र

काका, चालू ठेवा. कण मुख्यतः पोटात आणि आतड्यात असतात, आणि ते तुमच्याकडे साफ करताना मांजरालाच जातं. जे आपण आतड्यासकट खातो तिथे प्रश्न जास्त: जवळा, तिसऱ्या, कालवं. तिसऱ्या दिवसभर पाणी गाळतच बसतात. तरी त्यातून माणसाला किती अपाय होतो हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याला पद्धत विचारा.

खवचट

मांजराचा धागा वेगळा काढावा.

पपई_बाग

आमच्याकडे अल्बाट्रॉसचं बोलतात. मिडवे बेटावरच्या पिल्लांच्या पोटातली लायटर, झाकणं. ते पक्षी इतके मूर्ख कसे?

सई_प्र

मूर्ख नाहीत. उडणारे मासे आपली अंडी तरंगणाऱ्या वस्तूंना चिकटवतात, लाकूड, पिसं, जे मिळेल त्याला. अल्बाट्रॉस ती अंडी वस्तूसकट उचलतो. लाखो वर्षं ही सवय फायद्याची होती. आता ती वस्तू लायटर असते. मोठा पक्षी न पचलेलं ओकून टाकतो, पिल्लाला मात्र आई-बाप ओकून भरवतात, आणि उडायच्या वयापर्यंत त्याला ते फारसं बाहेर टाकता येत नाही. हे सूक्ष्मप्लास्टिक नव्हे, पण साखळीत शिरायची ही दुसरी वाट.

नांगर

मध्यंतरी दोन जहाजांनी मध्ये मोठं जाळं ओढून सफाई केली तिथे. बरोबरच आहे ना ते?

ओहोटी

माझं मत दोन्हीकडे झुकतं. सोडून दिलेली जाळी काढणं मला पटतं, कारण वजनाचा निम्म्याजवळ भाग तोच, आणि आज काढलेलं जाळं उद्याचे लाखो कण वाचवतं. पण बारीक कण काढायचे तर जाळी इतकी बारीक लागेल की प्लवकही येईल. शिवाय जे पाणी कचरा जमवतं तेच पृष्ठभागावर तरंगणारे निळे जेलीसारखे जीव आणि जांभळ्या गोगलगायीही जमवतं. सफाईत त्यांचं किती नुकसान होतं यावर दोन बाजूंचे शास्त्रज्ञ अजून भांडताहेत.

सई_प्र

मी नुकसान जास्त मानणाऱ्यांत. ताई आणि माझं यावर जमणार नाही.

निलेश_पालघर

आज वर्गात भागाकार झाला, उजवा हातही झाला. आणि त्याच मुलीचा पुढचा प्रश्न तयार: दरवर्षी समुद्रात लाखो टन जातं म्हणता आणि एवढ्या मोठ्या पट्ट्यात फक्त ७९,००० टन? बाकीचं कुठे गेलं?

ओहोटी

तिला सांगा, हा प्रश्न विचारणारा शोधनिबंध २००४ मध्ये आला आणि अजून मिटलेला नाही. २०१५ च्या अंदाजात २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेलं. २०१४ मध्ये सगळ्या महासागरांच्या पृष्ठभागावर तरंगणारं मोजलं तर जेमतेम २ लाख ६९ हजार टन. मग २०२३ मध्ये एका गटाने सगळी मोजमापं एकत्र करून म्हटलं की जाणारं मुळात बरंच कमी आहे, वर्षाला ५ लाख टनांच्या आसपास, आणि तरंगणारं आपण समजतो त्याहून पुष्कळ जास्त, बहुतेक मोठ्या वस्तूंच्या रूपात. ते खरं असेल तर हरवलेलं फारसं काही नाही, पण ते लवकर संपणारही नाही. दुसरे म्हणतात बरंचसं किनाऱ्यांवर आणि तळाशी आहे.

अभ्यासू_अण्णा

तळाशीच असणार. मारियाना गर्तेत प्लास्टिकची पिशवी सापडलीय.

ओहोटी

सापडलीय, १०,८०० मीटरहून खोल, जपानी पाणबुडीच्या फोटोत. पण एका पिशवीवरून टन निघत नाहीत, अण्णा. तळाचे नमुने फार थोड्या ठिकाणचे आहेत, आणि एकेक नमुना आणायला अख्खी मोहीम लागते.

नांगर

पुढच्या महिन्यात पुन्हा हवाईची फेरी आहे. टेहळणीवर दिसलेली जाळी अक्षांश-रेखांशासह लिहून ठेवली तर कुणाला उपयोग होईल का?

ओहोटी

नक्की होईल. वाऱ्याचा वेगही लिहा, कारण वारा जोरात असला की कण खाली ढकलले जातात आणि समुद्र स्वच्छ वाटतो. आणि काही न दिसलेले तासही लिहा. ते कुणीच लिहीत नाही.